आगाऊ फी म्हणजे कमाई नव्हे

मा. संपादक,

कालच्या अर्थविषयक पानावरचा ‘लहान व्यवसायांचे हिशेब’ हा लेख वाचला. ‘पैसे खात्यात जमा झाले आणि त्यावर जीएसटी भरला की विक्री झाली असे समजावे,’ हे त्यातलं वाक्य लाखो वाचकांपुढे जावं, याचा मला मनापासून राग आला. लहान धंद्यांचे हिशेब लिहिण्यात माझं आयुष्य गेलं आहे. या एका गैरसमजापायी माझ्या बहिणीच्या मुलीचं बारावीचं वर्ष हेलपाटे मारण्यात गेलं.

तिच्या क्लासने दोन वर्षांची फी जूनमध्येच एकरकमी घेतली. १,८०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ३२,४००. जीएसटी तेव्हाच भरावा लागतो हे खरं, कारण सेवेसाठी आगाऊ पैसे घेतले की कर लगेच लागू होतो. (मालाच्या आगाऊ रकमेवर नोव्हेंबर २०१७ पासून तसा लागत नाही. लेखात हा फरकही नाही.) पण कर कधी भरायचा हा सरकारचा नियम आहे आणि कमाई कधी झाली हा हिशेबाचा. ३२,४०० सरकारचे, ते कधीच क्लासचं उत्पन्न नव्हते. उरलेले १,८०,००० त्या दिवशी ‘विद्यार्थ्यांकडून आगाऊ फी’ या नावाने देण्यांच्या बाजूला जायला हवे होते, कारण त्या दिवशी क्लासने एकही तास शिकवलेला नव्हता. पुढे शिकवणं होईल तसे दरमहा ७,५०० उत्पन्नात न्यायचे. ३१ मार्चला दहा महिने भरतात, म्हणजे उत्पन्न ७५,००० आणि देणं १,०५,०००. इतकं सरळ आहे.

हे माझ्या मनचं नाही. उत्पन्न कधी धरायचं हे सांगणाऱ्या लेखा मानक ९ च्या परिशिष्टात शिकवणी फीचा उल्लेख आहे: उत्पन्न शिकवण्याच्या कालावधीत विभागून धरायचं. मोठ्या कंपन्यांना २०१८ पासून इंड एएस ११५ हे नवं लेखा मानक लागू झालं, त्यातही हेच तत्त्व आहे. ‘प्रवेश शुल्क परत मिळणार नाही’ असं पावतीवर छापलं म्हणून ती रक्कम पहिल्या दिवशी कमावली असं होत नाही. त्या शुल्काबद्दल मुलाला वेगळं काही मिळालेलं नसतं. पुस्तकांचा संच वेगळ्या किमतीला देऊन टाकला असेल, तर तेवढ्यापुरतं उत्पन्न दिल्या दिवशी धरता येतं.

आता चूक काय करते ते पाहा. शंभर मुलं धरा. जमा फी १ कोटी ८० लाख, मार्चपर्यंतचा खर्च ७० लाख. तुमच्या लेखाप्रमाणे नफा १ कोटी १० लाख. खरा नफा ५ लाख, कारण १ कोटी ५ लाखांची शिकवणी अजून द्यायची आहे. भाचीच्या क्लासच्या मालकाने असाच कागदी नफा खरा मानला, प्राप्तिकर भरला आणि शेजारच्या तालुक्यात दुसरी शाखा उघडली. पुढच्या जूनला नवी मुलं कमी आली आणि जुन्यांना शिकवणाऱ्या शिक्षकांचे पगार थकले. दिवाळीनंतर क्लासला कुलूप.

पालकांनी मला ताळेबंद वाचायला बोलावलं. देण्यांच्या बाजूला बँकेचं कर्ज होतं, जागेचं थकलेलं भाडं होतं, पगार होते. विद्यार्थ्यांच्या नावाने एक ओळही नव्हती. ज्या धंद्यात फी आगाऊ घेतात, त्याच्या ३१ मार्चच्या ताळेबंदात ही ओळ नसेल, तर बँकेच्या अधिकाऱ्याने तिथेच थांबून प्रश्न विचारायला हवा होता. मालक पालकांना म्हणाला, ‘अहो, तो नफा गेल्या वर्षीचाच आहे, आता माझ्याकडे काय आहे?’ तो माणूस लबाड नव्हता. त्याला कुणीतरी तुमच्या लेखासारखंच सांगितलं होतं.

प्राप्तिकरासाठी रोख पद्धतीने हिशेब ठेवणारा एखादा छोटा व्यावसायिक पैसे मिळाले तेव्हा उत्पन्न धरू शकतो, हे मला ठाऊक आहे. पण कंपनीला ती मुभा नाही, आणि ज्याला आहे त्यानेही त्या आकड्यावर घर चालवू नये, कारण उरलेलं काम बाकीच असतं. लेखकाने रोख पद्धतीबद्दल लिहिलं असेल, तर तसं स्पष्ट म्हणायला हवं होतं. दुरुस्ती त्याच पानावर, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावी ही विनंती.

आणखी एक. त्याच मानकाच्या परिशिष्टात नियतकालिकांच्या वर्गणीचाही उल्लेख आहे: अंक पोचतील तसं उत्पन्न. मी तुमच्या दैनिकाची वर्षाची वर्गणी एप्रिलमध्येच भरली आहे, आणि गेल्या महिन्यापासून रविवारची पुरवणी आमच्याकडे येत नाही. विक्रेता म्हणतो वरूनच येत नाही. ती पाठवावी, किंवा तेवढ्या भागाचे पैसे अजून देणं आहेत असं आपल्या हिशेब खात्याला कळवावं.

– आपला एक वर्गणीदार, लातूर