घर सोडण्याच्या नोटिशीचा विषय, संदर्भ आणि शेवट

चि. मधुरास,

अनेक आशीर्वाद.

पुण्याची सदनिका सोडण्याच्या नोटिशीचा तू पाठवलेला मसुदा वाचला. मधला मजकूर नेमका आहे, त्यात मी काही सुचवणार नाही. पण वरचा विषय, संदर्भ आणि सहीखालचा भाग पुन्हा लिहावा लागेल. माझी बरीच नोकरी आवक-जावक टेबलावर गेली असल्याने एवढे खात्रीने सांगतो की, पत्र कोणत्या फाईलला लागणार हे मधल्या परिच्छेदांवरून कोणी ठरवत नाही. आवक नोंदवहीत पाठवणाऱ्याचे नाव, पत्राची तारीख आणि विषय उतरवला जातो, आणि पुढे कागद शोधायचा झाला की त्याच रकान्यावरून बोट फिरवले जाते.

तू विषय लिहिला आहेस, 'भाडेकराराबाबत'. नूतनीकरणाची विनंती, गळतीची तक्रार किंवा भाडेवाढीवरची हरकत यांनाही हाच विषय चालेल, त्यामुळे त्यावरून करार संपतो आहे हे कळत नाही. विषयात तीन गोष्टी हव्यात: काय संपवायचे आहे, ते नेमके कोणते आणि कोणत्या तारखेला. म्हणून असे लिही: 'सदनिका क्र. ३०२ बाबतचा लीव्ह अँड लायसन्स करार दि. ३१/०१/२०२६ रोजी मुदतपूर्व संपुष्टात आणण्याची नोटीस'. 'मुदतपूर्व' हा शब्द राहू दे, कारण तुझा अकरा महिन्यांचा करार १ जून २०२५ पासून ३० एप्रिल २०२६ पर्यंत आहे. 'विनंती' मात्र लिहू नकोस. लॉक-इनचा काळ संपल्यावर एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवण्याचा अधिकार तुम्हाला करारानेच दिलेला आहे, आणि विनंती म्हटली की समोरच्याच्या मंजुरीची वाट पाहणे आले.

आता संदर्भ. 'आपले फोनवरील बोलणे' हा संदर्भ काढून टाक, कारण तो कोणालाही काढून पाहता येत नाही. महाराष्ट्रात असा करार नोंदणीकृत असावा लागतो, त्यामुळे त्याला दस्त क्रमांक असतो. तो सूची क्रमांक २ वर, म्हणजे नोंदणीनंतर मिळणाऱ्या दस्ताच्या गोषवाऱ्यावर, पाहायला मिळेल. समजा तो ४५६७/२०२५ असेल, तर 'दस्त क्र. ४५६७/२०२५, दि. २८/०५/२०२५' असे लिहून पुढे दुय्यम निबंधक कार्यालयाचे नाव घाल. कार्यालयाचे नाव हवेच, कारण तोच क्रमांक दुसऱ्या कार्यालयातल्या दस्तालाही असू शकतो. दुसरा संदर्भ म्हणून करारातील नोटिशीच्या कलमाचा क्रमांक दे. वर उजवीकडे तारखेखाली आपलाही एक साधा क्रमांक घाल, 'पत्र क्र. ३०२/१'. खासगी पत्राला जावक क्रमांकाची सक्ती नसते. पण अनामत रक्कम अडली आणि दुसरे पत्र लिहावे लागले, तर त्याच्या संदर्भात हाच क्रमांक येईल आणि दोन्ही कागद एकमेकांना धरून राहतील.

शेवटी 'कळावे, लोभ असावा' नको. 'आपल्या विश्वासू' पुरे. अनेकवचन मुद्दाम लिहिले आहे, कारण करारात तुझ्याबरोबर तुझ्या मैत्रिणीचेही नाव आहे. सही दोघींची हवी आणि सहीखालची नावे करारात जशी आहेत तशीच पूर्ण हवीत. एकीचीच सही असली, तर नोटीस दोघींच्या वतीने आहे की एकटीच बाहेर पडते आहे, असा प्रश्न घरमालक विचारू शकतात, आणि तो रास्तही ठरेल. सह्यांच्या खाली डावीकडे 'सोबत : सूची क्र. २ ची छायाप्रत' आणि त्याखाली 'प्रत : सचिव, गृहनिर्माण संस्था, माहितीसाठी' असे लिही. 'प्रत' लिहिलीस की ती खरोखर दे, म्हणजे सोसायटीच्या दप्तरीही तुमची जाण्याची तारीख लागेल.

पोच कोऱ्या चिठ्ठीवर घेऊ नकोस. पत्राच्या दोन प्रती काढ आणि आपल्या प्रतीवर, पहिल्या पानावर विषयाजवळच, घरमालकांची सही, नाव आणि मिळाल्याची तारीख घे. सोसायटीच्या कार्यालयात शिक्क्याबरोबर आवक क्रमांकही घालून माग. नुसता शिक्का असेल, तर पत्र नोंदवहीत चढले की टेबलावरच राहिले हे कळत नाही. नोटिशीचा महिना पत्राच्या तारखेपासून मोजायचा की ते मिळाल्यापासून, हे करारात वाचून घे. स्पष्ट लिहिलेले नसेल, तर मिळाल्यापासून धर. म्हणजे ३१ डिसेंबरची वाट न पाहता पत्र २० तारखेच्या आसपास हातात द्यावे. घरमालकांनी सही द्यायला टाळाटाळ केली, तर वाद न घालता तेच पत्र त्याच दिवशी पोचपावतीसह टपालाने पाठव आणि टपालाची पावती आपल्या प्रतीला टाच.

सुधारलेल्या पहिल्या पानाचा फोटो सह्या करण्यापूर्वी मला पाठव. दस्त क्रमांक मी सूचीवरून पडताळून घेईन.

तुझा,
बाबा