रशियनमधला ‘वेद्’ आणि आपला ‘ना’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतली रशियन कथा मी आवडीने वाचायला घेतली. पोराने खिडकीची काच फोडली म्हणून बाप चिडलाय आणि आजी मध्ये पडते. तिच्या तोंडी वाक्य आहे : ‘शेवटी तो एक मूल आहे.’ आमच्याकडची कुठलीही आजी असं बोलणार नाही. ती म्हणेल, ‘अरे, लहान आहे ना तो!’ मूळ वाक्य ‘वेद् ओन रिब्योनक’ असणार, असं मला वाचताक्षणी वाटलं. घरी ते पुस्तक होतं. उघडून पाहिलं, तर तेच निघालं. ‘वेद्’चं इंग्रजीत ‘आफ्टर ऑल’ होतं, त्याचा शब्दशः मराठी अवतार म्हणजे हे ‘शेवटी’. काहीही संपलेलं नसताना रशियन माणसं ‘शेवटी’ म्हणू लागली, की भाषांतर इंग्रजीच्या वाटेने आलंय असं खुशाल समजावं.

मी बरीच वर्षं रशियन शिकवली. या ‘वेद्’, ‘झे’, ‘नू’सारख्या इवल्या शब्दांची विद्यार्थ्यांना धास्ती असते, कारण कोशात त्यांचा नीट अर्थ सापडत नाही. मराठी माणसाला खरं तर ते सोपे जायला हवेत. ‘वेद्’ तर आपल्या नात्यातलाच आहे. जुन्या रशियनमध्ये ‘वेदे’ म्हणजे ‘मी जाणतो’, आणि संस्कृतात ‘वेद’ या क्रियारूपाचाही तोच अर्थ. पुढे त्यातलं क्रियापद झिजलं आणि ‘हे तुलाही ठाऊक आहे’ एवढी खूण मागे राहिली. नेमकं हेच काम आपला ‘ना’ करतो. ‘येशील ना?’ या प्रश्नात होकार गृहीत धरलेला असतो. त्याच्या जागी ‘तू नक्की येशील का?’ लिहिलं की प्रेमाची विचारणा उलटतपासणी होते.

‘झे’ अधिक हट्टी आहे. ऐकणारा ठाऊक असलेल्या गोष्टीच्या उलट वागतोय, अशी तक्रार त्यात बऱ्याचदा असते. विद्यार्थी चुकतात ते इथे. ‘तोत झे’ म्हणजे ‘तोच’, ‘सिवोद्न्या झे’ म्हणजे ‘आजच’, हे पाहून ते प्रत्येक ‘झे’ला ‘च’ लावून मोकळे होतात. मग ‘ति झे अबेश्चाल!’चं होतं ‘तूच कबूल केलं होतंस’, म्हणजे दुसऱ्या कुणी नव्हे, तू. मुळात दुसऱ्या कुणाचा प्रश्नच नाही. रशियन ‘झे’ बसतो ‘तू’च्या शेजारी, पण इथे त्याचं बोट सगळ्या वाक्याकडे असतं. मराठीत ते ‘तू कबूल केलं होतंस की!’ असं हवं. प्रश्नात तोच ‘झे’ आला तर आपल्याकडे ‘तरी’ तयारच आहे : ‘ग्द्ये झे ति बिल?’, ‘होतास तरी कुठे?’

हे तिन्ही एका जागी पाहायचे तर लेर्मोन्तोवची १८३७ सालची ‘बोरोदिनो’ ही कविता घ्यावी. एक तरुण १८१२च्या लढाईतल्या म्हाताऱ्या शिपायाला विचारतो : ‘स्काझी-का, द्याद्या, वेद् नी दारम...’ त्यातल्या ‘का’ने आज्ञेतली धार जाते आणि ‘वेद्’ने म्हाताऱ्याचा होकार आधीच धरून ठेवलेला असतो. मी ते असं करते : ‘सांगा ना काका, जळून खाक झालेलं मॉस्को फ्रेंचांच्या हाती गेलं, ते काही उगीच नाही ना?’ त्याच कडव्यात पुढे ‘वेद्’ आणि ‘झे’ जोडीने येतात : ‘वेद् बिली झ स्ख्वात्की बयेविये, दा, गवर्यात, इश्श्यो काकिये!’ तिथे ‘चकमकी झाल्याच होत्या की, आणि म्हणे कसल्या!’ ‘गवर्यात’ला ‘असे सांगितले जाते’ लिहिणाऱ्याला आपला ‘म्हणे’ आठवू नये, याचं मला फार वाईट वाटतं.

‘नू’ने मात्र मला बरंच छळलं. तो कधी ‘बरं’ असतो, कधी ‘मग?’, आणि ‘नू वोत’मध्ये हिरमोड असेल तर चक्क ‘झालं!’ म्हाताऱ्याचं लढाईचं वर्णन रंगात येतं तेव्हा तो म्हणतो, ‘नू झ बिल द्येन्योक!’ दिवसाला त्याने लाडाचं रूप दिलंय, आणि दिवस होता कत्तलीचा. ‘काय दिवस होता बाबा तो!’ यापुढे मला जाता आलं नाही. ‘नू’ आणि ‘झे’ दोन्ही ‘काय’ आणि ‘बाबा’त सामावले, पण ‘द्येन्योक’मधला तो लाड माझ्या हातून निसटला.

आपल्याला एकच विनंती. यापुढे भाषांतरित कथेखाली ती मूळ भाषेवरून केली की इंग्रजीवरून, एवढी एक ओळ छापावी.

आपली,
रशियनची एक निवृत्त शिक्षिका, पुणे