गणपतीला येताय? स्टार्टर मारण्याआधी सीट उघडा

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

गणपती तोंडावर आले. शिमग्याला गावी स्कूटर ठेवून गेलेले मुंबईकर आता येतील आणि सामान पडवीत टाकल्या टाकल्या पहिली किक मारतील. त्यांच्यासाठी हे पत्र.

गेल्या वर्षी माझ्या चुलतभावाने हेच केलं. पाच-सहा महिने बंद घराच्या पडवीत, नारळाच्या सोडणांच्या ढिगाला टेकून उभी असलेली जुनी कार्ब्युरेटरची स्कूटर. चालू झाली, पण एक्सलेटर पिळला की काळा धूर सोडायची आणि बंद पडायची. बेड्यापर्यंतसुद्धा गेली नाही. टेम्पोत घालून गॅरेजला नेली. तिथे प्लग बदलला, कार्ब्युरेटर साफ केला, पैसे घेतले, धूर तसाच. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या मेकॅनिकने एअर फिल्टरचा डबा उघडला. आत काथ्याचा गच्च गोळा, सीटचा फोम, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चिंध्या (एका तुकड्यावर 'एकादशी' स्पष्ट वाचता येत होतं) आणि मधोमध उंदराची चार गुलाबी पिल्लं.

इंजिनाला हवा जाते ती या डब्यातून. वाट बुजली की हवा कमी आणि पेट्रोल जास्त होतं, म्हणून काळा धूर, म्हणून प्लगवर काजळी. प्लग बदलून काय होणार? उलट फिल्टरचा कागद कुरतडलेला असेल आणि गाडी तशीच दामटली, तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाऊन इंजिन घासतं. तो खर्च मोठा.

म्हणून महिनोन्महिने उभ्या गाडीची सीट आधी उघडावी. लेंड्या बघाव्यात : काळ्या, ओलसर असतील तर उंदीर अजून येतोय, राखाडी आणि चुरा होणाऱ्या असतील तर जुन्या. आंबूस वास, फोमचा भुगा, वायरीत चमकणारं तांबं ही बाकीची लक्षणं. पेट्रोलचा वास आला तर नळी कुरतडलेली असू शकते. मग गाडी चालूच करू नये. सीटखाली कोरडा काथ्या, शेजारी उघडी वायर आणि खाली तापणारं इंजिन, एवढं आग लागायला पुरे.

घरटं हातात सापडलं की आपण फडक्याने झटकून टाकतो. तेच करू नये. आपल्याकडे लेप्टो नवीन नाही, आणि त्याचे जंतू उंदराच्या मुतातून येतात. ओलसर जागी ते टिकतात आणि हातापायाच्या जखमेतून शिरतात. गाडी खळ्यात काढावी, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी, रबरी हातमोजे घालावेत. लिटरभर पाण्यात दोन चहाचे चमचे ब्लीचिंग पावडर कालवून घरटं भिजवावं, दहा मिनिटांनी उचलून पिशवीत बांधावं. वायरींच्या जोडांवर मात्र ते पाणी ओतू नये, गंज धरतो. तिथे पिळलेलं फडकं फिरवावं. नंतर आठवडा-दोन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या, तर डॉक्टरांना हे साफसफाईचं आवर्जून सांगावं.

आता उंदीर येऊच नये म्हणून. डांबरगोळ्या, तंबाखूची पानं सगळं करून झालं. आठ दिवस वास असतो, मग दमट हवेत तो उडतो आणि उंदीर हजर. आम्ही फिल्टरच्या डब्याच्या हवेच्या तोंडाला पाव इंची भोकांची स्टेनलेस स्टीलची जाळी मेकॅनिककडून बसवून घेतली. साधी लोखंडी जाळी खाऱ्या हवेत पावसाळाभरही टिकत नाही. आणि तोंडात बोळा कोंबायचा नाही; येऊन विसरलात तर पुन्हा तोच काळा धूर.

जागाही बदलली. उंदीर भिंतीच्या कडेने चालतो, म्हणून गाडी भिंतीपासून हात-दोन हात लांब, सोडणं आणि लाकडांपासून दूर, मेन स्टँडवर. डिकी रिकामी, रेनकोट आणि फडकंसुद्धा नाही. जाताना सीटखाली काठी लावून ती उघडी ठेवायची. उजेडात उंदीर सहसा संसार मांडत नाही.

विष आम्ही ठेवत नाही. उंदीर मरतो तो नेमका गाडीच्या पोटात, आणि शेजारची कुत्री-मांजरं हकनाक जातात. चाप बरा, तोही भिंतीला लागून. भाजलेलं खोबरं लावून पहिल्या दोन-तीन रात्री चाप ताणायचाच नाही, खाऊ द्यायचं. नव्या वस्तूला उंदीर बिचकतो. एकदा भीड चेपली की मग ताणायचा.

परवा भावाच्या सांगण्यावरून मी त्याची गाडी उघडली. डबा स्वच्छ होता. जाळीच्या बाहेर काथ्याचे चार धागे तेवढे अडकलेले होते.

आपला नम्र,
एक वाचक, ता. राजापूर, जि. रत्नागिरी