विषय: लिव्हर कनेक्टरच्या पत्रकातली चुकीची 8 मिमी, आणि तुमच्या हेल्पलाइनने सांगितलेला पीळ

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख,

काल तुमच्या हेल्पलाइनला चौथा फोन केला. यापुढे फोन करणार नाही, म्हणून लेखी देतोय.

मी सोलापुरात चादरीच्या मागावर काम करतो. धागा तुटला की गाठ मारून पुढे जायचं, हा आमचा रोजचा धंदा. तारेचं तसं नसतं, हे गेल्या उन्हाळ्यात कळलं. गिझरच्या लाइनचा बाथरूमवरचा जंक्शन बॉक्स उघडला, तर पीळ देऊन टेप मारलेला जुना जोड काळा पडला होता आणि टेपचा डिंक झाला होता. एमसीबी पडलाच नव्हता. पडणार कसा? 2000 वॅटचा गिझर जेमतेम 9 अँपिअर घेतो आणि एमसीबी 16 चा. जास्त करंट गेला तर तो पडतो, ढिला जोड त्याला कळत नाही. आमच्या वायरमननी हिशेब करून दाखवला. जोडात 0.1 ओहम जरी अडथळा आला, तरी 9 अँपिअरला तिथे 8 वॅट उष्णता होते, तीही बंद डब्यात.

म्हणून पीळ सोडून तुमचे तीन भोकांचे लिव्हर कनेक्टर घेतले. एका भोकात एमसीबीकडून आलेली वायर, दुसऱ्यात गिझरची, तिसऱ्यात वॉशिंग मशीनच्या सॉकेटची. फेज, न्यूट्रल, अर्थिंग मिळून तीन कनेक्टर. वायर अडीच स्क्वेअर एमएमची, मल्टीस्ट्रँड. पाकिटातल्या मराठी पत्रकात छापलंय, ‘वायर 8 मिमी सोला’. वायरमननी 8 मिमीच सोलली. लिव्हर खटकन बसली. सगळं छान.

तीन आठवड्यांनी जळका वास. फेजचा कनेक्टर तपकिरी पडलेला, आणि गिझरची वायर दोन बोटांनी हलकेच ओढली तर अलगद बाहेर! कनेक्टरच्या अंगावर बारीक खूण कोरलेली आहे. तिच्यावर पट्टी ठेवली, तर 11 मिमी. म्हणजे तुमचा कनेक्टर 11 सांगतो आणि तुमचाच कागद 8. कमी सोललं की आतली क्लिप तांब्याला नीट धरत नाही, निम्मी इन्सुलेशनवरच बसते. हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही, माल तुमचा आहे. तुमचं पारदर्शक अंग वायर शेवटपर्यंत गेली का हे दिसावं म्हणूनच आहे ना? वायरमननी ते पाहिलं नाही ही त्यांची चूक, मान्य. पण कागदावर 8 तुम्ही छापलंत.

आता कालचा फोन. मी हे सगळं सांगितल्यावर तुमचा माणूस म्हणाला, “सर, वायर ढिली बसत असेल तर सगळ्या वायरी आधी एकमेकींना पीळ द्या, वर टेप मारा आणि मग भोकात घाला.”

“एकाच भोकात?”

“हो सर, एकाच.”

“मग बाकीची दोन भोकं कशाला दिलीत?”

थोडा वेळ नुसता खरखराट. मग, “सर, ती स्पेअर आहेत.”

मी विचारलं, “तांब्यावर टेप मारल्यावर क्लिप काय टेपला धरणार काय ओ?”

तर म्हणे, “टेप चांगल्या कंपनीची घ्या, सर.”

पीळ नको म्हणून जे विकता, त्याच्यावरच पिळाचा सल्ला! आणि पैसे घेता कनेक्टरचे. एका भोकात एकच वायर, हे आमच्या वायरमनच्या हाताखालच्या पोरालाही ठाऊक आहे.

सध्या तिथे स्क्रूची कनेक्टर पट्टी लावलीय. स्क्रूचं टोक बारीक तारा चिरतं म्हणून प्रत्येक टोकाला फेरूल दाबून बसवावं लागलं, आणि वर्षाला एकदा आवळून बघायचं काम वाढलं. तुमच्या लिव्हरमध्ये हा त्रास नसतो, म्हणून तर ती घेतली होती. माल वाईट नाही हेच जास्त लागतं. 11 मिमी सोलून नवा कनेक्टर लावून पाहिला, तर वायर ओढूनही हलत नाही.

पत्रकातली 8 मिमी दुरुस्त करा, दुकानांतली जुनी पाकिटं परत मागवा आणि माझ्या दुरुस्तीचा खर्च द्या. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात वापराच्या पुरेशा सूचना न दिल्याबद्दलही उत्पादक जबाबदार धरला जातो. इथे तर सूचना दिलीत, तीच चुकीची. पुन्हा सांगतो, 8 तुम्ही छापलंत.

तिन्ही कनेक्टर पत्रकासकट डब्यात जपून ठेवलेत. पाठवणार नाही, बघायचे तर घरी या. फेजवाल्याची लिव्हर वितळून चिकटलीय, ती तुम्हीच उघडून दाखवा.

एक ग्राहक, सोलापूर