सुभाषनगरच्या काकू, आर्वीची पोरगी तुमच्यामुळे टिकली

काकू, फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, "राहू दे बाप्पा" म्हणता आन् भाजी काय केली ते विचारता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहून राहिली.

नागपुरात शंकरनगरला सलून टाकलं तेव्हापासून माझं एकच दुखणं होतं. वर्धा, भंडारा, यवतमाळकडून कोर्स केलेल्या, चांगल्या हाताच्या मुली यायच्या आणि दोन-तीन महिन्यांत परत जायच्या. मला वाटायचं पगार कमी पडतो, वाढवूनही पाहिला, काही फरक नाही. मग सलूनच्या नावाने एक फ्लॅट भाड्याने घेतला, आणि ती माझी सगळ्यात मोठी चूक झाली. दिवसा मी रागावले तरी रात्री पोरींनी माझ्याच फ्लॅटमध्ये झोपायचं, मनातलं बोलायला जागाच नाही. एकीने काम सोडलं तर त्याच आठवड्यात तिची खोलीपण गेली, बॅगा घेऊन गणेशपेठ स्टँडवर बसली होती ती. हे तिच्या गावात कळलं आणि तिकडून पुन्हा कोणी आलंच नाही, बरोबरच होतं त्यांचं.

मग आर्वीच्या या पोरीसाठी तुमच्याकडे वरची खोली विचारायला आले तेव्हा तुम्ही मला सरळ सांगितलं, "डिपॉझिट तू दे, पण भाडेकरू माझी ती पोरगी, तू नाही. तुझं काम सोडलं तरी महिना संपेपर्यंत ती इथेच राहील, आणि ती कधी आली कधी गेली हे तू मला विचारायचं नाही." मला तेव्हा थोडं लागलं होतं काकू. पण त्या एका अटीने सगळं बदललं. डिपॉझिट मी तुमच्याकडे ठेवलं, तिच्या पगारातून कापलं नाही, ती गेली तर पुढच्या मुलीसाठी तेच राहील. भाडं मात्र ती स्वतः देते, पहिला महिना सोडून, कारण पगार महिना भरल्यावर होतो.

आणि तिचे बाबा! आर्वीहून सकाळच्या एसटीने आले, सलूनमध्ये पंधरा मिनिटं नुसते उभे. पुरुष कस्टमर कुठे बसतात, रात्री किती वाजतात, सोबत कोण असतं, एवढंच विचारलं. मी आपलं सर्टिफिकेट, करिअर सांगत बसले, त्यांना ते नकोच होतं. तुम्ही त्यांना जेवायला बसवलं, खोलीची कडी आतून लावून दाखवली, म्हणाल्या न सांगता कधीही या. आणि माझ्याकडे वळून, लग्नसराईत नऊनंतर सुटली तर दारापर्यंत सोडायचं, मेट्रोपर्यंत नाही. तेव्हापासून रिक्षाचे पैसे सलून देतं आणि कोणीतरी सोबत येतं. ते नंतर दोनदा न सांगता आलेपण, तिसऱ्यांदा आलेच नाहीत, फोनवर भागलं.

कामाचं पण तुम्हीच सांगितलं, तुम्हाला माहीतही नसेल. तिसऱ्या आठवड्यात ती रडते म्हणाल्या, पण का ते सांगितलं नाही, तिलाच विचार म्हणालात. कोर्समध्ये तिने बहुतेक डमीवर काम केलेलं, आणि मी घाईत तिला एकटीला हायलाइट्सला उभं केलं होतं. मग मी मागे गेले. दोन महिने शाम्पू, ब्लो ड्राय आणि माझ्यासमोर रूट टचअप, रंगात मिसळायचा डेव्हलपर तिने मोजायचा आणि मी फक्त बघायचं. मग ट्रिम, मग ओळखीच्या कस्टमरचा पूर्ण कट, ब्लीच सगळ्यात शेवटी.

सातव्या महिन्यात एक ताई हायलाइट्सला आल्या, घाईत होत्या. हिने केस हातात घेऊन विचारलं मेहंदी लावता का, कोणती, पाकिटातली का? त्या हो म्हणाल्या. काही पाकिटांत धातूचे क्षार असतात, त्यावर हायलाइट्सच्या ब्लीचमधलं पेरॉक्साइड पडलं की केस गरम होऊन तुटू शकतात. हिने मागची एक बट कापून वाटीत टेस्ट केली, ती कोमट झाली आणि रबरासारखी ताणायला लागली. मला न विचारता तिने नाही म्हणून सांगितलं, अपॉइंटमेंट गेली. त्याच संध्याकाळी मी तिला दुकानाची चावी दिली.

मध्ये पाहुणे बघायला येणार म्हणून घरून बोलावणं आलं, तेव्हा मी लगेच सुट्टी दिली, कारण अडवलं की पोरी सांगायचंच बंद करतात. चौथ्या दिवशी ती परत आली, काय ठरलं ते मी विचारलं नाही, हे पण तुमच्याकडूनच शिकले.

काकू, रविवारी गोंदियाची एक येते आहे. शनिवारी डिपॉझिट घेऊन येते. स्टेशनवर तिला घ्यायला आर्वीवाली जाणार आहे, तिनेच सांगितलं, वरच्या खोलीतली खिडकीजवळची गादी नवीन पोरीला द्यायची म्हणून.