रिप्लाय टाइमच्या रिपोर्टमधला टक्का चुकीचा येतोय, फॉर्म्युला बदला

सपोर्ट टीमला नमस्कार,

आमची चौघांची छोटी टीम आहे, आणि कोणाचीही कमेंट आली की ४ तासांच्या आत उत्तर द्यायचं हे टार्गेट आम्हीच स्वतःला लावून घेतलंय. ते किती वेळा पाळलं जातं हे आपोआप कळावं म्हणून तुमचं टूल घेतलं. मागच्या आठवड्याच्या रिपोर्टमध्ये ८०% आले, सगळे खूश, पण उत्तर न मिळालेल्या लोकांच्या तक्रारी येतच होत्या म्हणून मी CSV एक्सपोर्ट करून एकेक ओळ बघितली.

एकूण २० कमेंट होत्या. १२ ना वेळेत उत्तर गेलं, ३ ना उशिरा गेलं आणि उरलेल्या ५ ओळींत `first_reply_at` चा रकाना रिकामा, म्हणजे उत्तरच नाही. तुमचं टूल या ५ सरळ गाळून टाकतं आणि १२ भागिले १५ करून ८०% दाखवतं. उत्तर आलं नाही म्हणजे वेळ मोजता येत नाही हे मान्य, पण टार्गेट चुकलं की नाही ते सांगायला उत्तर यायची वाटच कशाला बघायची, ४ तास उलटले की ते चुकलंच ना! त्या पाचातली एक कमेंट रिपोर्ट निघायच्या अर्धा तास आधीच आली होती, तिची मुदत बाकी होती म्हणून ती बाजूला ठेवा, ते बरोबरच आहे. बाकी ४ मात्र चुकलेल्यातच धरायला हव्यात. म्हणजे १२ भागिले १९, साधारण ६३%.

आणि याचा खरा त्रास पुढे आहे. समजा आम्ही त्या ४ जुन्या कमेंटना आज उत्तर दिलं, तर त्या उशिरा दिलेल्यांत मोजल्या जाऊन तुमचाच आकडा ८० वरून ६३ वर येतो, म्हणजे काम केलं की टक्का घसरतो आणि दुर्लक्ष केलं की छान दिसतो. टीममधला एक जण परवा खरंच म्हणाला की जुन्यांना आता हात नको लावूया, रिपोर्ट खराब होईल. हे ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण ज्याला सगळ्यात जास्त वेळ थांबावं लागलंय तोच माणूस हिशोबातून गायब होतोय.

अजून एक, "मेसेज मिळाला, लवकरच कळवतो" हा ऑटो रिप्लायसुद्धा तुम्ही पहिलं उत्तर म्हणून धरता. आम्ही तो बंद ठेवलाय म्हणून वाचलो, ज्यांनी चालू ठेवला असेल त्यांचा टक्का जवळजवळ शंभरच दिसत असणार. माणसाने लिहिलेलं उत्तरच मोजा.

फॉर्म्युला असा करा:

```
वेळेत / (एकूण - उत्तर न गेलेल्या पण मुदत बाकी असलेल्या)
```

टक्क्याशेजारी अजून उत्तर न गेलेल्या किती आणि त्यातली सगळ्यात जुनी किती तासांची तेही दाखवा, आणि आमचे मागचे सगळे रिपोर्ट नव्याने काढून द्या, कारण त्याच आकड्यांवर आम्ही कामाच्या पाळ्या ठरवल्यात. कधीपर्यंत होईल ते लेखी कळवा.

तुमचा एक ग्राहक