रविवारच्या बैठकीला येताना: दत्तकाची चित्रपुस्तके

नमस्कार पालकहो,
येत्या रविवारी सकाळी ११ वाजता, नेहमीच्या सभागृहात बैठक आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे आईबाबा नक्की या. मुलांना मात्र आणू नका.

घरात वाचता ते एक चित्रपुस्तक किंवा पालकांसाठीची मार्गदर्शिका आणा. त्याआधी एवढे तपासा: गोष्टीत बाळ कोणाच्या तरी पोटातून जन्मलेले दिसते का? "तू पोटातून नाही, आमच्या हृदयातून आलास" हे वाक्य आपल्याला गोड वाटते, पण चार वर्षांचे मूल ते शब्दशः घेते. माझ्या लेकीने विचारले होते, "मग मी जन्मलेच नाही का?" त्या पानावर मी पेन्सिलीने लिहिले, "तू एका बाईच्या पोटात वाढलीस, जन्मलीस आणि मग आमच्याकडे आलीस." आता ती तेच वाचून घेते.

"जन्मदात्या आईचे प्रेम होते म्हणून तिने तुला दिले" हेही टाळा. मग प्रेम आहे म्हणून आपणही देऊन टाकू, अशी भीती मुलाच्या मनात बसते. देवकी-यशोदेची गोष्ट दोन्ही आयांची नावे घेते म्हणून चांगली, फक्त कंसाचा भाग लहानांना वगळा.

एक कळकळीची विनंती: मुलाच्या जन्मदात्यांचे तपशील ग्रुपवर किंवा बैठकीत सांगू नका. ती माहिती मुलाची आहे.

येणार असाल तर शुक्रवारपर्यंत पुस्तकाच्या नावासह कळवा.